मंत्राची गुंडाळी आणि उजवा फेरा

लेहच्या बाजारात, मॅक्लिओडगंजच्या परिक्रमेच्या वाटेवर किंवा काठमांडूच्या बौद्धनाथ स्तूपाभोवती एक दृश्य हमखास दिसतं. सुरकुतलेल्या हातात लाकडी दांडा, दांड्यावर तांब्या-पितळेचा छोटा डबा, डब्याला साखळीने लोंबणारं वजन, आणि चालता चालता हे सगळं संथ गतीने फिरत असतं. दुसऱ्या हातात बहुधा माळ असते आणि ओठ हलत असतात. तिबेटी लोक या वस्तूला ‘मणी खोरलो’ म्हणतात. आपण तिला प्रार्थनाचक्र म्हणतो. महाराष्ट्रातून लडाखला किंवा सिक्कीमला गेलेल्या कितीतरी घरांत असं एखादं चक्र आठवण म्हणून येतं, शोकेसमध्ये बसतं, आणि पाहुण्यांची मुलं ते गरगर फिरवतात. ते कसं फिरवायचं हे सांगण्याआधी त्याच्या पोटात काय आहे ते पाहायला हवं, कारण फिरवण्याचे जवळजवळ सगळे नियम तिथूनच निघतात.

डब्याचं झाकण काढलं की मधोमध एक दांडी दिसते. तिबेटी भाषेत तिला ‘सोकशिंग’, म्हणजे प्राणवृक्ष, असं नाव आहे. स्तूपाच्या आणि मूर्तीच्या पोटात जी मधली काठी उभी करतात तिलाही हेच नाव असतं. म्हणजे चक्र तयार करणाऱ्याच्या मनात ती नुसती आस नसते, ती त्या वस्तूचा जीव असते. या काठीभोवती कागदाची लांबच लांब पट्टी घट्ट गुंडाळलेली असते. पट्टीवर एकच मंत्र ओळीमागून ओळ छापलेला असतो : ‘ॐ मणि पद्मे हूँ’. तिबेटी उच्चारात तो ‘ओम मणि पेमे हुंग’ असा ऐकू येतो. पूर्वी ही छपाई लाकडी ठशांनी होई, आता ती यंत्रावर होते. पट्टी गुंडाळून झाली की वरून कापड, बहुतेक वेळा पिवळं, घट्ट बांधतात आणि मग ती गुंडाळी डब्यात उतरवतात. बाहेरच्या धातूवर तीच सहा अक्षरं उठावाने कोरलेली असतात, कधी त्यात पोवळी किंवा फिरोजा जडवलेला असतो. पण चक्राचं मोल त्या नक्षीत नाही. साध्या पत्र्याच्या डब्यात पूर्ण भरलेली गुंडाळी असेल तर ते चक्र आहे, आणि चांदीच्या डब्यात काहीच नसेल तर तो फक्त डबा आहे.

हा मंत्र अवलोकितेश्वराचा, करुणेच्या बोधिसत्त्वाचा. तिबेटी त्याला चेनरेझी म्हणतात आणि दलाई लामा हे त्याचंच रूप आहेत असं मानतात. मराठी वाचकाला हा देव अनोळखी वाटायचं कारण नाही. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात हातात कमळ घेऊन, नजर खाली झुकवून उभा असलेला जो ‘पद्मपाणी’ आपण शाळेच्या पुस्तकापासून पाहत आलो, तो अवलोकितेश्वरच. कान्हेरीच्या एक्केचाळीसाव्या लेण्यात त्याची अकरा मुखांची मूर्ती आहे, आणि तिबेटमधल्या विहारांत त्याचं हेच अकरामुखी रूप मोठ्या भक्तीने पुजलं जातं. त्याचा षडाक्षरी मंत्र ‘कारंडव्यूह’ या संस्कृत सूत्रात गौरवलेला आहे. देव इथल्या लेण्यांतला, मंत्र संस्कृत आणि चक्र तिबेटचं, असा हा प्रवास आहे. तिबेटी परंपरा मात्र चक्राचीही सुरुवात भारतातच सांगते. नागार्जुनाला ही विद्या नागांच्या राजाकडून मिळाली आणि पुढे ती पद्मसंभव आणि इतर सिद्धांच्या हातून हिमालयापलीकडे पोचली, अशी ती कथा आहे. इतिहासाचा पुरावा म्हणून ती घेता येत नाही, पण साधक चक्र हातात घेताना स्वतःला कुठल्या परंपरेशी जोडतो ते तिच्यातून समजतं.

आता चक्र म्हणजे नक्की काय, या प्रश्नाकडे येऊ. बुद्धाने सारनाथला पहिलं प्रवचन दिलं त्याला धम्मचक्रप्रवर्तन म्हणतात. महाराष्ट्राला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली तो दिवस आपण धम्मचक्र प्रवर्तन दिन म्हणून पाळतो. त्या बौद्ध परंपरेत हाताने फिरवायचं चक्र नाही. श्रीलंका किंवा म्यानमारच्या थेरवादी परंपरेतही ते नाही. ते तिबेटी वज्रयानाचं आणि त्याच्या प्रभावातल्या लडाख, सिक्कीम, भूतान, नेपाळचा उत्तर भाग आणि मंगोलिया या प्रदेशांचं आहे. तिथल्या साधकाच्या दृष्टीने सारनाथला फिरू लागलेलं धर्माचं चाक थांबू नये म्हणून प्रत्येकाने आपल्या परीने त्याला हात लावायचा असतो. ज्याला ग्रंथ वाचता येत नाही, ज्याला दीर्घ साधना शिकता आली नाही, त्यालाही या कामात वाटा मिळतो. गुराख्याला तो चालता चालता मिळतो, आजीला चुलीपाशी बसून मिळतो.

श्रद्धा अशी, की चक्राचा एक फेरा म्हणजे आतल्या सगळ्या मंत्रांचं एकदा पठण. हिशोब करून पाहू. समजा पट्टी बोटभर उंचीची आहे, तिच्यावर बारीक अक्षरांच्या दहा ओळी आहेत आणि एका मीटरमध्ये प्रत्येक ओळीत तीस मंत्र मावतात. म्हणजे मीटरला तीनशे मंत्र झाले. वीस मीटरची पट्टी असेल तर गुंडाळीत सहा हजार. माणूस संथपणे मिनिटाला चाळीस फेरे देतो असं धरलं, तर दोन लाख चाळीस हजार होतात. तोंडाने एवढा जप करायला कित्येक दिवस जातील. हे आकडे ऐकून एखाद्याला वाटेल की हा पुण्याचा झटपट मार्ग आहे. जुन्या काळच्या युरोपीय प्रवाशांना तसंच वाटलं होतं, आणि त्यांनी प्रार्थनेचं यंत्र म्हणून चक्राची टिंगलही केली. पण तिबेटी गुरू आकड्याचं हे गणित साधकाच्या जपाच्या खात्यात धरू देत नाहीत. दीक्षेनंतरच्या प्राथमिक साधनेत एखादा मंत्र एक लाख वेळा म्हणायला सांगतात, तेव्हा तो तोंडाने म्हणायचा असतो आणि माळेवर मोजायचा असतो. चक्राचे फेरे त्यात मिळवून ती संख्या पूर्ण होत नाही. मग चक्र कशासाठी? तर शरीर, वाणी आणि मन ही तिन्ही दारं एकाच वेळी एका कामाला लावण्यासाठी. हात फिरवतो, ओठ मंत्र म्हणतात, आणि मन करुणेचं चिंतन करतं. नुसता हात फिरत राहिला तर तिबेटी लोक त्याला निष्फळ म्हणत नाहीत, मंत्राशी झालेल्या संबंधाचंही काही भलं होतंच असं ते मानतात. पण तो साधनेचा तिसरा हिस्सा झाला, हेही ते स्पष्ट सांगतात.

दिशेचा नियम सर्वांना तोंडपाठ असतो : चक्र उजवं फिरवायचं, म्हणजे वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे. कारण विचारलं की कुणी सूर्याकडे बोट दाखवतं, कुणी प्रदक्षिणेकडे. दोन्ही खरं आहे. पण मला सगळ्यात पटणारं कारण त्या कागदातच आहे. तिबेटी लिपी आपल्यासारखीच डावीकडून उजवीकडे वाचतात, आणि गुंडाळीवर अक्षरं बाहेरच्या बाजूला तोंड करून असतात. आपण चक्रासमोर उभे आहोत आणि ते वरून पाहता घड्याळाप्रमाणे फिरतं आहे, अशी कल्पना करा. आपल्या बाजूचा पृष्ठभाग उजवीकडून डावीकडे सरकतो. म्हणजे आधी ॐ समोरून जातो, मग म, मग णि, अशी अक्षरं वाचण्याच्या क्रमाने आपल्यापुढून सरकत जातात. उलटं फिरवलं की मंत्र शेवटाकडून सुरुवातीकडे जातो. उजवा फेरा हा असा मंत्राच्या वाचनाचाच फेरा आहे.

याच कारणाने गुंडाळी डब्यात उलटी बसली तर सगळंच उलटतं. अक्षरं डोक्यावर उभी राहतात, आणि चक्र कितीही नीट उजवं फिरवलं तरी मंत्र मागून पुढे जाऊ लागतो. हे तपासणं मराठी माणसाला फार सोपं आहे. तिबेटी लिपी आणि देवनागरी या दोघींचं मूळ ब्राह्मीत आहे, आणि छापील तिबेटी अक्षरांनाही वर आडवी शिरोरेषा असते. ती सलग जोडलेली नसते, प्रत्येक अक्षराची वेगळी असते, पण असते वरच. एक अक्षरही वाचता आलं नाही तरी रेघ वर आहे की खाली एवढं कुणालाही कळेल.

म्हणून बाजारातून आणलेलं चक्र फिरवण्याआधी ते एकदा उघडावं, असं मी आग्रहाने सांगेन. बहुतेक हातचक्रांचं वरचं टोक आटे फिरवून निघतं, काहींचं झाकण नुसतं दाबून बसवलेलं असतं. टोक काढा, झाकण उचला. पर्यटकांसाठी बनवलेल्या स्वस्त चक्रांत पुष्कळदा बोटभर कागदाची एक चिठ्ठी सापडते, आणि कधी तीही नसते. चिठ्ठी असेल तर ती बाहेर काढून शिरोरेषा पाहा. नंतर अक्षरं बाहेर आणि रेघ वर ठेवून ती मधल्या दांडीभोवती घट्ट गुंडाळा आणि दोऱ्याने बांधा. ती डब्यात सैल राहिली तर फिरवताना आत खडखडते आणि हळूहळू दांडीवरून निसटते. डबा मोकळा असेल तर तिबेटी वसाहतींच्या दुकानांत किंवा विहारात मंत्राच्या छापील पट्ट्या मिळतात, त्यांनी तो भरता येतो. जाणते लोक पट्टीला आधी केशराच्या पाण्याचा हात लावून ती पूर्ण वाळवतात. ओलसर कागद गुंडाळला तर आत बुरशी येते, म्हणून वाळवण्यात घाई करायची नाही. भरून झाल्यावर एखाद्या लामाकडून चक्राची प्रतिष्ठा करून घेण्याची पद्धत आहे. यासाठी हिमालयातच जायला हवं असं नाही. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत 1972 पासून आहे.

आता प्रत्यक्ष फिरवणं. दांडा उजव्या हातात, मूठ न आवळता, जवळजवळ उभा धरायचा. हात कोपरात दुमडून चक्र छातीच्या उंचीला, अंगापासून वीतभर पुढे ठेवायचं. साखळी आणि वजन सुरुवातीला खाली लोंबत असतं. डाव्या हाताने वजनाला एक हलका धक्का द्यायचा, आणि तो छातीच्या बाजूने उजवीकडून डावीकडे जाईल असा द्यायचा. दिशा लक्षात ठेवायची हीच सोपी खूण : वजन माझ्या आणि चक्राच्या मधून जाताना उजवीकडून डावीकडे गेलं पाहिजे. एकदा ते वर उचललं गेलं की डाव्या हाताचं काम संपलं. पुढे फक्त मनगटाने, अगदी लहानसा गोल काढत राहायचं. गोफण फिरवणाऱ्याचा हात दगडाच्या किंचित पुढे चालतो, तसंच मनगट वजनाच्या थोडं पुढे राहतं आणि त्याला ओढत नेतं. खांदा हलत असेल तर ताकद जास्त लागते आहे असं समजावं. सराव झालेल्या आजीकडे पाहिलं तर मनगटाची हालचाल जेमतेम दिसते.

वेग किती? साखळी ताणून आडवी राहील इतका, त्याहून जास्त नको. वेग कमी पडला की वजन खाली झुकतं आणि दांड्यावर टकटक आपटतं, कधी साखळी दांड्याभोवती गुरफटते. अशा वेळी झटका न देता थांबावं, साखळी सोडवावी, पुन्हा सुरुवात करावी. वेग फार झाला तर डबा डगमगू लागतो आणि मधल्या दांडीवर वर-खाली उड्या मारतो. डबा आणि मूठ यांच्यामध्ये बहुधा शंखाच्या कवचाची एक छोटी चकती असते. तिच्यावर डबा टेकून गुळगुळीत फिरतो. कर्कश घासल्याचा आवाज येऊ लागला तर ती चकती झिजली किंवा तडकली आहे असं धरावं. ती बदलता येते. तशीच फिरवत राहिली तर लाकूड कुरतडलं जातं आणि डबा एका बाजूला कलतो.

डाव्या हाताने फिरवलं तर चालतं का, असं पुष्कळ जण विचारतात. रिवाज उजव्या हाताचा आहे, कारण डाव्यात माळ असते. पण मनगट दुखू लागलेले वृद्ध हात बदलताना दिसतात. हात कोणताही असो, वरून पाहता फेरा घड्याळाप्रमाणेच राहिला पाहिजे. मोठी, जड चक्रं असली तर लांब दांड्याचं खालचं टोक कमरेला किंवा गळ्यात अडकवलेल्या एका छोट्या चामडी खोबणीत टेकवतात, म्हणजे भार हातावर येत नाही.

विहाराच्या भिंतीतली ओळीने बसवलेली चक्रं हाच नियम पाळतात. तिथे चक्रांची ओळ आपल्या उजव्या हाताला ठेवून चालायचं. उजव्या हाताने चक्राची आपल्याकडची कड पुढे ढकलली की ते आपोआप बरोबर दिशेने फिरतं, आणि आपलीही त्या वास्तूभोवती प्रदक्षिणाच होते. ओळ डावीकडे येते आहे असं दिसलं तर आपण उलटे निघालो आहोत, वळून यावं. समोरून येणाऱ्यांच्या गर्दीत शिरून फिरवू नये.

मनाचं काम मात्र फिरवायला लागण्याआधीच सुरू होतं. पहिला फेरा देण्यापूर्वी साधक मनात हेतू धरतो, की हे माझ्यापुरतं नाही, सगळ्या जीवांच्या दुःखमुक्तीसाठी आहे. महायानात यालाच बोधिचित्त म्हणतात. त्यानंतर मंत्र म्हणताना डब्यातल्या अक्षरांतून प्रकाशकिरण निघताहेत, ते सर्व दिशांना पसरताहेत आणि जीवांचं दुःख, आजार, अज्ञान धुऊन काढताहेत असं ध्यान करायचं. मंत्राची सहा अक्षरं आणि अस्तित्वाचे सहा लोक यांची जोडी लावलेली आहे. देव, असुर, माणसं, पशू, प्रेत आणि नरकातले जीव, असे ते सहा. प्रत्येक अक्षर एका लोकाकडे जातं. नवख्या माणसाने सगळे रंग आणि लोक आठवण्याचा आटापिटा करू नये असं मला वाटतं. ओळखीच्या एका दुःखी माणसाचा चेहरा मनात आणला आणि प्रकाश त्याच्यापर्यंत पोचतो आहे असं पाहिलं, तरी ध्यानाला धरून ठेवणारा खुंटा मिळतो. मन भटकलं की हाताची लय त्याला परत आणते. चक्राचा हा उपयोग नुसत्या माळेला नाही. माळेत बोटं एक मणी सोडून दुसरा पकडतात आणि थांबलेला हात लक्षात येत नाही, पण फिरतं चक्र मंदावलं की वजन लगेच खाली येतं आणि साधकाला कळतं.

फिरवणं संपवतानाही चक्र एकदम हाताने पकडून थांबवत नाहीत. वेग हळूहळू कमी होऊ देतात, आणि जे काही पुण्य झालं असेल ते सर्व जीवांना अर्पण करतात. याला परिणामना म्हणतात. हेतू आधी आणि परिणामना शेवटी, या दोहोंमध्ये पाच मिनिटं फिरवलं तरी ती पूर्ण साधना धरली जाते. गप्पा मारताना, दूरदर्शनसमोर बसून तासभर फिरवलेलं चक्र तेवढं मोलाचं मानत नाहीत, जरी तिबेटी घरांत तेही सर्रास दिसतं आणि कुणी त्यावरून आजोबांना बोलत नाही.

एक अपवाद माहीत असावा. तिबेटमधला बोन हा जुना धर्म प्रदक्षिणाही डावी घालतो आणि चक्रही डावं फिरवतो. त्यांचा मंत्रही वेगळा आहे. हिमाचलात सोलनजवळ दोलांजीला त्यांचा मोठा विहार आहे. तिथे किंवा प्रवासात कुठेही एखादी व्यक्ती घड्याळाच्या उलट दिशेने चक्र फिरवताना दिसली तर तिला दुरुस्त करायला जाऊ नये. तिच्या हातातलं चक्र तिच्या परंपरेप्रमाणे बरोबरच फिरतं आहे.

घरात चक्र ठेवायचं तर ते देवाच्या किंवा पुस्तकांच्या उंचीला, स्वच्छ जागी, उभं ठेवावं. जमिनीवर ठेवू नये, त्याच्यावरून ओलांडू नये. मुलांना हात लावू द्यायला हरकत नाही, फक्त दिशा दाखवून द्यावी. कालांतराने कागद फाटतो, पिवळा पडतो, कधी कसर लागते. तो काढून नवी पट्टी भरायची, पण जुना कागद कचऱ्यात टाकायचा नाही. त्यावर मंत्र आहे म्हणून तो स्वच्छ जागी जाळतात, किंवा विहारात नेऊन देतात. साखळी झिजली तर ती बदलावी, वजन मात्र तेवढ्याच भाराचं घ्यावं. हलकं वजन लावलं तर साखळी ताण धरत नाही आणि संथ फेरा जमत नाही. जास्त जड लावलं तर जुन्या डब्याचं कान उखडतं, आणि ते पुन्हा डाग देऊन बसवावं लागतं.